अ‍ॅप काढलं, कार्डाचं टोकन राहिलं

देवगडच्या हापूसची पेटी ऑनलाइन मागवताना कार्ड सेव्ह केलं होतं. हंगाम सरला, अ‍ॅप काढलं, जुना नंबरही बंद झाला. आता ओटीपी येत नाही, त्यामुळे दुकानाच्या खात्यात शिरता येत नाही. मग ते कार्ड काढायचं कसं?

१ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानाला कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. त्याच्याकडे फक्त टोकन, म्हणजे कार्डाच्या नंबराऐवजी वापरायचा वेगळा कोड असतो, आणि ओळखण्यापुरते शेवटचे ४ अंक व बँकेचं नाव. अ‍ॅप काढल्याने टोकन जात नाही. ते फोनमध्ये नसतंच मुळी.

हे काम बँकेकडूनच झालं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या विभागात टोकनची यादी असते (नाव प्रत्येक बँकेत निराळं, जरा शोधावं लागतं). तिथे दुकान निवडून टोकन रद्द करायचं. कार्ड ब्लॉक करायची गरज नाही. प्रत्येक दुकानाचं टोकन वेगळं असतं, म्हणून वीजबिलासाठी सेव्ह केलेलं कार्ड तसंच चालू राहतं. मात्र त्याच दुकानात दरमहा आपोआप पैसे कापले जात असतील, तर आधी ती आपोआप कपात बंद करा, मग टोकन.