मोसंबीचा पिवळेपणा : तारखेच्या फोटोंवरून निदान कसे पडताळावे

कृषी सल्लागार म्हणून नव्याने बागांमध्ये जाणाऱ्यांना मराठवाड्यातील चुनखडीयुक्त जमिनीत एक दृश्य वारंवार दिसेल : मोसंबीच्या कोवळ्या फुटीची पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या जाळीसारख्या. हे बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. त्यावर हिराकस, म्हणजेच लोहाचे सल्फेट, फवारण्याचा उपाय लागू पडला की नाही, हे ठरवताना मी स्मरणापेक्षा काही आठवड्यांच्या अंतराने काढलेल्या फोटोंवर विसंबतो.

फवारणीच्या दिवशी निवडलेल्या फांदीवर सर्वांत वरच्या पानाच्या लगेच वर रंगीत दोरा सैल बांधावा. दोऱ्याखालची पाने फवारणीपूर्वीची आणि वरची नंतरची, हा भेद पुढच्या प्रत्येक फोटोत स्पष्ट राहतो. तारीख आणि झाडाचा क्रमांक लिहिलेली पांढरी चिठ्ठी पानाशेजारी धरावी, कारण व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या फोटोवर मूळ तारीख टिकेलच असे नाही; शिवाय कागद पिवळसर दिसला, तर पानाच्या रंगावरही विश्वास ठेवू नये. कडक उन्हात पान फिकट दिसते, म्हणून दरवेळी साधारण त्याच वेळी आणि पानावर स्वतःची सावली पाडून फोटो घ्यावा.

जालना जिल्ह्यातील एका बागेत दहा लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस या प्रमाणात फवारणी झाली होती. तीन आठवड्यांनंतरच्या फोटोत दोऱ्याखालच्या पानांवर हिरवे ठिपके उमटलेले होते आणि शेतकऱ्याला बाग सुधारल्यासारखी वाटत होती. दोऱ्यावरची नवी पाने मात्र तशीच पिवळी, जाळीदार होती. पानातले लोह नव्या फुटीकडे फारसे सरकत नाही. त्यामुळे थेंब पडले तेथे पान हिरवे झाले होते, परंतु मुळांकडून होणारा पुरवठा सुधारलेला नव्हता. बुंध्याजवळची माती सतत ओली होती, आणि अशा मातीत चुनखडीचा त्रास अधिक वाढतो. पाण्याच्या पाळ्यांमधील अंतर वाढवल्यानंतर, पुढच्या फुटीत दोऱ्यावरची पाने पक्व होताना एकसारखी हिरवी झाली, आणि तेव्हाच मी सुधारणा मान्य केली.

अगदी कोवळे पान मुळातच फिकट असते, म्हणून दोन फोटोंतील पाने एकाच वयाची असल्याची खात्री करावी. मधल्या काळात नवी फूट आलीच नसेल, तर निष्कर्ष काढू नये. पिवळी पाने गळून गेल्यामुळेही झाड हिरवे भासते. म्हणून पूर्ण झाडाच्या फोटोबरोबरच खुणेच्या फांदीवरील पानांची संख्या टिपावी. एक झाड फवारणीविना ठेवावे, कारण हंगाम बदलल्यामुळे तेही आपोआप हिरवे झाले, तर त्याचे श्रेय हिराकसाला देता येत नाही.