स्क्रीन टाइम आणि झोपेचा फोटो कसा वाचावा, आणि मुलांना झेपेल असं लक्ष्य कसं ठरवावं

मुलीच्या फोनवरचा स्क्रीन टाइम पालक आपल्या फोनने टिपतात, मनगटावरच्या बँडचा झोपेचा आलेख टिपतात आणि दोन्ही फोटो शिक्षकांना पाठवतात. सोबत एक ओळ असते : ‘पावणेसात तास! आता दोन तासांवर आणायचंय.’ हे लक्ष्य बहुतेक वेळा आठवडाभरही टिकत नाही, कारण ते फोटोतल्या सगळ्यात मोठ्या आकड्यावरून ठरवलेलं असतं. या दोन फोटोंत बघायची मुख्य गोष्ट वेगळीच आहे : रात्री फोन शेवटचा कधी वापरला आणि झोप कधी लागली, या दोन वेळांमधलं अंतर. ते काढायला जमलं की लक्ष्य ठरवणं बरंच सोपं होतं.

उदाहरणासाठी अकरावी सायन्सची एक विद्यार्थिनी घेऊ. भावाचा जुना आयफोन वापरते, हातात साधा बँड आहे, सकाळी 6 वाजून 20 मिनिटांनी उठते.

आधी फोटो वापरण्याजोगा आहे का ते बघा

स्क्रीनचा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो फसवा असतो. त्यावर पट्टे उमटतात, ट्यूबलाइटची चमक येते, 1 आणि 7 किंवा 3 आणि 8 सारखेच दिसतात. शक्य असेल तर मुलीलाच तिच्या फोनवर स्क्रीनशॉट घ्यायला सांगा. नाहीच जमलं तर खाली दिसणाऱ्या अ‍ॅपच्या वेळा मिनिटांत करून बेरीज करा. ती वरच्या एकूण आकड्यापेक्षा बरीच जास्त आली, तर कुठला तरी आकडा चुकीचा वाचला गेला आहे. कमी आली तर घाबरू नका, यादीतली खालची अ‍ॅप फोटोत कापली गेलेली असतात.

मग तारीख शोधा. आयफोनच्या Screen Time मध्ये आठवड्याचं आणि दिवसाचं अशी दोन वेगळी पानं असतात. आठवड्याच्या पानावर Daily Average म्हणजे रोजची सरासरी दिसते, दिवसाच्या पानावर त्या एका दिवसाची बेरीज. अँड्रॉइडच्या Digital Wellbeing मध्ये पहिल्याच पानावर वर्तुळात दिसतो तो आकडा आजचा, म्हणजे अजून अपुरा असलेल्या दिवसाचा. दुपारी तीनला काढलेल्या फोटोत ‘2 तास 10 मिनिटं’ दिसली म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. नेहमी पूर्ण झालेला आठवडा घ्या, आणि शनिवार-रविवार वेगळे काढून ठेवा.

जुना, घरातल्या दुसऱ्या कुणाचा आयफोन असेल तर आणखी एक तपासणी लागते. फोन अजून भावाच्याच अ‍ॅपल खात्यावर असेल आणि सगळ्या उपकरणांचा वेळ एकत्र दाखवण्याची सोय चालू असेल, तर भावाच्या आयपॅडवरची क्रिकेटची मॅचसुद्धा बहिणीच्या नावावर जमा होते. पानावर फक्त तिचाच फोन निवडलेला आहे ना, हे बघून मगच पुढे जा.

एकूण आकडा फोडा

आपल्या उदाहरणात सोमवार ते शुक्रवारची सरासरी 6 तास 40 मिनिटं आहे, म्हणजे 400 मिनिटं. त्यात यूट्यूब 155, इन्स्टाग्राम 110, व्हॉट्सअ‍ॅप 55, क्लासचं अ‍ॅप 40 आणि बाकी किरकोळ 40.

यूट्यूबची 155 मिनिटं सरसकट करमणुकीत धरू नका. फोन यूट्यूबला एकाच खणात टाकतो. त्यावर फिजिक्सचं लेक्चर चालू होतं की गाणी, हे त्याला कळत नाही. तिच्याबरोबर बसून यूट्यूबची हिस्टरी उघडा आणि लेक्चरं कुठली ते तिलाच सांगू द्या. इथे रोज साधारण 70 मिनिटं लेक्चरांची निघाली. ती आणि क्लासचं अ‍ॅप मिळून अभ्यासाची 110 मिनिटं झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉलेजचा ग्रुप आहे, नोट्स तिथेच येतात. ते सध्या राहू द्या. मग कमी करण्याजोगं उरतं ते यूट्यूबचं 85 आणि इन्स्टाग्रामचं 110, मिळून 195 मिनिटं.

‘दोन तासांवर आण’ हे लक्ष्य का कोसळतं, ते इथे दिसतं. अभ्यास आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळूनच 165 मिनिटं होतात. करमणूक शून्यावर आणली तरी ही 165 मिनिटं दोन तासांत बसत नाहीत. पहिल्याच दिवशी अशक्य ठरलेल्या लक्ष्यासाठी मुलं प्रयत्न करत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

दोन फोटोंचे दिवस जुळवा

सगळ्यात जास्त चूक याच पायरीवर होते. स्क्रीन टाइमचा दिवस रात्री बाराला संपतो. झोपेच्या अ‍ॅपमध्ये मात्र रात्रीला बहुधा उठण्याच्या दिवसाची तारीख लागते. म्हणजे मंगळवारची रात्र वाचायची तर तीन तुकडे जोडायचे : मंगळवारच्या आलेखातले शेवटचे तास, बुधवारच्या आलेखातले बारानंतरचे तास, आणि ‘बुधवार’ असं लिहिलेला झोपेचा फोटो. मंगळवारचा स्क्रीन टाइम मंगळवारच्याच झोपेशेजारी ठेवलात, तर तुम्ही आदल्या रात्रीची झोप बघत असता.

आयफोनवर दिवसाच्या पानात तासागणिक पट्ट्या दिसतात. आपल्या विद्यार्थिनीच्या मंगळवारी रात्री 11 ते 12 ची पट्टी सुमारे 50 मिनिटांची आहे, आणि बुधवारच्या पानावर 12 ते 1 ची सुमारे 25 मिनिटांची. पट्टीवरून नेमकं मिनिट कळत नाही, अंदाज येतो, तेवढा पुरतो. पट्ट्यांची उंची एका फोटोवरून दुसऱ्या फोटोशी ताडू नका, कारण आलेखाची मोजपट्टी बदलू शकते. बाजूला लिहिलेली मिनिटं बघा. तुमच्या फोनमध्ये तासागणिक आलेख नसेल, तर फोन कधी ठेवला ते आठवडाभर तिलाच कागदावर लिहू द्या.

आता झोपेचा फोटो. त्यात ‘अंथरुणात’ 7 तास 10 मिनिटं आणि ‘झोप’ 5 तास 25 मिनिटं असे दोन आकडे आहेत. पालक पहिला वाचून निश्चिंत होतात. ती 11 वाजून 10 मिनिटांनी आडवी झाली, झोप लागली 12 वाजून 40 मिनिटांनी, मधे एकूण 15 मिनिटं जाग आली. फोन साधारण 12 वाजून 25 मिनिटांना थांबला. म्हणजे फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटांत तिला झोप लागते. तिची झोपेची क्षमता ठीक आहे आणि उशीर फोनमुळे होतो आहे, असं इथे म्हणता येतं. तेच फोन 11 वाजता थांबला असता आणि झोप 12 वाजून 40 मिनिटांनी लागली असती, तर फोन कमी करून फारसं काही साधलं नसतं. तेव्हा संध्याकाळचा चहा, दुपारची लांब झोप, परीक्षेची धास्ती अशी दुसरी कारणं शोधावी लागली असती.

बँड हालचाल आणि नाडीच्या ठोक्यांवरून झोपेचा अंदाज बांधतो, त्यामुळे निश्चल पडून रील्स बघणं त्याला कधीकधी झोप वाटते. बँड 11 वाजून 40 मिनिटांपासून झोप दाखवत असेल आणि 12 नंतर इन्स्टाग्रामची पट्टी असेल, तर फोनवर विश्वास ठेवा. यूट्यूब असेल तर उलटंही घडतं : मूल झोपून जातं आणि व्हिडिओ एकामागून एक चालू राहतात. गाढ झोप, हलकी झोप यांचे रंगीत तुकडे मात्र सोडून द्या. घरगुती बँडवर ते फारसे भरवशाचे नसतात, आणि ‘गाढ झोप 48 मिनिटंच’ म्हणून मुलीला धास्ती लावण्यात तोटाच आहे.

लक्ष्य रात्रीपासून सुरू करा

13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. सव्वापाच-साडेपाच तासांवरून तिथे एका उडीत जाता येत नाही. उठण्याची वेळ 6 वाजून 20 मिनिटं अशी पक्की धरा आणि फोन ठेवण्याची वेळ मागे सरकवा.

पहिले दोन आठवडे 195 पैकी 45 मिनिटंच कमी करायची, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. त्यातली 35 रात्रीची : फोन 12:25 ऐवजी 11:50 ला बाहेरच्या खोलीत चार्जरला. उरलेली 10 मिनिटं कॉलेजातून आल्यावरच्या यूट्यूबमधली. एकूण आकडा 5 तास 55 मिनिटांवर येईल, झोप 6 तासांच्या आसपास जाईल. पाचपैकी चार रात्री जमलं तर लक्ष्य पूर्ण समजायचं. पुढचे दोन आठवडे 11:20, त्यापुढचे दोन 10:50. तेव्हा झोप 7 तासांपर्यंत पोचते. त्याच्या पुढचा एक तास बहुधा फोनमध्ये नसतोच. क्लास रात्री नऊला सुटतो, मग जेवण, मग गृहपाठ. तो तास या वेळापत्रकातून काढावा लागतो आणि ते काम मोठ्यांचं आहे.

अ‍ॅपवर वेळेची मर्यादा लावता येते, पण ती ओलांडायचं बटण तिथेच समोर असतं. रात्री अकराला ते न दाबणं फार अवघड आहे. चार्जर दुसऱ्या खोलीत आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ, हा बदल जास्त टिकतो. घरातल्या मोठ्यांचे फोनही त्याच चार्जरपाशी ठेवले तर उत्तम.

दोन आठवड्यांनी पुन्हा तेच फोटो घ्या, तीच पानं, पूर्ण आठवड्याची. रात्रीची पट्टी गेली पण झोपेची वेळ हलली नाही, तर लॅपटॉप किंवा टीव्ही त्या जागी आला आहे का ते विचारा. तसंही नसेल आणि फोन दूर असताना आठवडेच्या आठवडे तासभर झोप लागत नसेल, झोपेत मोठ्याने घोरणं असेल किंवा पुरेसं झोपूनही वर्गात डोळे मिटत असतील, तर फोटोंवर अवलंबून न राहता डॉक्टरांना भेटा. जाताना झोपेच्या वेळांची दोन आठवड्यांची नोंद सोबत न्या. त्यांना रंगीत आलेखापेक्षा तिचा जास्त उपयोग होतो.