फिटनेस बँडची चार्जिंग पिन हिरवी पडली? या चुका टाळा

माझा मेहुणा सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर चालून येतो आणि घामेजलेला बँड तसाच चार्जरला लावून आंघोळीला जातो. मग सातपूरला कामावर. परवा तो तक्रार घेऊन आला, बँड बोटाने दाबून धरला तरच चार्ज होतो. उलटा करून पाहिला, तर मागच्या दोन पिनांपैकी एक हिरवीगार आणि दुसरी जवळजवळ स्वच्छ!

रोग तिथेच कळतो. पिनेवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, खाली बहुधा तांबं किंवा पितळ. मुलामा झिजला की घामातलं मीठ त्या धातूला खातं. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, तसंच. पण घामाने ओला बँड चार्जरवर ठेवला की खाऱ्या ओलीतून दोन पिनांमध्ये वीज वाहते आणि धन बाजूची पिन झपाट्याने झिजते. म्हणून एकच पिन हिरवी दिसली, तर ओला बँड चार्जिंगला लावणं हेच कारण धरून चाला.

दुसरी चूक सफाईतली. पॉलिश पेपर, ब्लेड किंवा सुईने खरवडू नका. हिरवं जाईल, पण उरलासुरला मुलामाही जाईल. सॅनिटायझर जेलचाही उपयोग नाही, त्यातल्या ग्लिसरीनचा चिकट थर पिनेवर बसतो. नुसत्या स्पिरिटने तेलकटपणा निघतो, हिरवा थर फारसा हलत नाही.

त्याला आंबटच लागतं. चार्जर प्लगमधून काढा. कापसाची काडी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात बुडवून नीट पिळा, थेंब गळता कामा नये. पिनेवर मिनिटभर ठेवून हलकेच फिरवा. मेहुण्याच्या बँडला तीन काड्या लागल्या, पहिली तर मोरपंखी होऊन आली. मग साध्या पाण्याच्या ओल्या काडीने दोनदा पुसा. आम्ल राहिलं तर तेच पुन्हा धातू खाईल. शेवटी केमिस्टकडचं आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि अर्धा तास वाळू द्या.

चार्जरकडे मात्र बहुतेकांचं लक्षच जात नाही. त्याच्या पिना स्प्रिंगवर असतात. लाकडी टूथपिकने एकेक दाबून पाहा, टुणकन वर यायला हवी. मेहुण्याची एक पिन मिठाने अडकून खाली बसली होती. बँड दाबून का धरावा लागायचा, तेही कळलं. अल्कोहोलची काडी लावून दहा-बारा वेळा दाबल्यावर ती सुटली.

पुसल्यावर पिन सोनेरी दिसली तर उत्तम. तांबूस दिसली तर मुलामा गेलाय, ती पुन्हा हिरवी पडणारच. तेव्हा चार्जिंगआधी दरवेळी पाणी, मग कोरडं फडकं. खड्डा पडून पिन आत गेली असेल, तर घासण्यात अर्थ नाही. पिन बदलायला बँड उघडावा लागतो आणि मग तो पाणीरोधक राहीलच असं नाही. दुकानदाराला हे आधीच विचारून घ्या.