फोटो पाठवून नळाचं कार्ट्रिज मागवताय? या चुका टाळा

"दादा, ह्याचं आतलं मिळंल काय?" एवढाच मेसेज आणि त्याखाली चकचकीत नळाचा एक फोटो. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत सॅनिटरीच्या काउंटरवर बसलं की दिवसाला असे पाच-सात फोटो येतात. नळ दिसतो, त्यावर फ्लॅशचा पांढरा ठिपका दिसतो, कधी तर फोटो काढणाऱ्याचं तोंडही क्रोममध्ये उमटलेलं असतं. मागवायचं असतं ते कार्ट्रिज, म्हणजे पाणी उघड-बंद करणारा आतला भाग, तो मात्र लपलेला असतो.

पहिली चूक हीच. बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे दोन नळ आतून वेगळे निघतात. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या एकाच दांडीच्या मिक्सरमध्ये बहुतेक वेळा 35 किंवा 40 मिमीचं कार्ट्रिज असतं, आणि नुसत्या नळाकडे बघून ते ओळखता येत नाही. नळाचा फोटो हवाच, कारण त्यावरून प्रकार कळतो आणि कुठं नाव कोरलेलं असलं तर तेही वाचता येतं. पण ऑर्डर द्यायची ती कार्ट्रिज बाहेर काढूनच.

काढायला फार काही लागत नाही. आधी पाणी बंद करा. बेसिनखाली अँगल कॉक असतो, पण भिंतीत गाडलेल्या शॉवर मिक्सरला तो बहुधा नसतो, तिथं टाकीची चावी बंद करावी लागते आणि गिझरकडून येणारी लाइनही. दांडीवरचं लाल-निळं बटण नखानं किंवा बारीक पेचकसानं उचकटलं की आत अ‍ॅलनचा छोटा स्क्रू दिसतो. त्याआधी खालच्या जाळीवर फडकं टाका, कारण हा स्क्रू जाळीतून गेला की गेलाच. स्क्रू सोडवून दांडी निघाली की वरची टोपी हातानं फिरते. तिच्याखालचा मोठा नट पान्यानं सोडवला की कार्ट्रिज सरळ वर येतं.

दुसरी चूक मापाची, आणि ती नीटनेटकी माणसंच जास्त करतात. फुलेवाडीचे एक मास्तर आहेत. त्यांनी कार्ट्रिज टेबलावर उभं केलं, शेजारी पट्टी ठेवली आणि मोबाईल वीतभराहूनही जवळ आणून वरून फोटो काढला. फोटोत व्यास 40 मिमीला चिकटला. त्यांनी ऑनलाइन 40 चं मागवलं, ते नळात शिरेना. मग दोन्ही कार्ट्रिज पिशवीत घालून आले. "पट्टी ठेवून फोटो काढलाय की वो, चुकंल कसं?" जुनं मोजलं तर पुरतं 35 निघालं.

चूक पट्टीत नव्हती, उंचीत होती. पट्टी टेबलावर आणि कार्ट्रिजचा वरचा काठ तिच्यापासून साधारण 20 मिमी वर. कॅमेरा टेबलापासून 150 मिमीवर असेल तर त्या काठापासून तो 130 मिमीवरच येतो. जवळची वस्तू मोठी दिसते, म्हणून 35 ला 150 नं गुणा आणि 130 नं भागा. उत्तर 40.4. तोच फोटो 600 मिमीवरून, म्हणजे हातभर लांबून, झूम करून काढला असता तर 36.2 दिसलं असतं आणि 40 चा विचारही मनात आला नसता.

म्हणून लांबून काढा, आणि पट्टी काड्यापेटीवर ठेवून वरच्या काठाच्या पातळीला आणा. नाणं ठेवायचं असेल तर दहाचं ठेवा, ते 27 मिमी असतं. एक, दोन आणि पाचच्या नाण्यांची मापं मालिकेगणिक बदलली आहेत, त्यामुळं त्यांच्यावरून घोळ होतो. त्याहून सोपं म्हणजे कागदाची पट्टी कार्ट्रिजच्या अंगाभोवती घट्ट गुंडाळा, टोक जिथं जुळतं तिथं खूण करा आणि उलगडून मोजा. 35 च्या कार्ट्रिजला जवळपास 110 मिमी भरतील, 40 च्याला 126. सोळा मिमीचा फरक कुणालाही दिसतो. उद्यमनगरात कुणी ओळखीचं लेथवर असेल तर व्हर्नियर मागून आणा, मग प्रश्नच उरत नाही.

माप बरोबर आलं तरी काम संपत नाही. तिसरी चूक म्हणजे तळाचा फोटो न काढणं. कार्ट्रिज उलटं करा. काहींचा तळ सपाट असतो आणि त्यात तीन भोकं असतात: गरम, थंड आणि बाहेर जाणारं, प्रत्येकाला स्वतःचं रबर. काहींत तळाला दोनच भोकं असतात आणि पाणी बाजूच्या खिडकीतून बाहेर पडतं. दोन्ही 35 मिमी असू शकतात. अदलाबदल झाली तर कार्ट्रिज बसतं, नटही आवळला जातो, पण पाण्याची वाट चुकते. तळाच्या बारीक खुंट्या किती आणि कुठं, तेही फोटोत यायला हवं. त्याबरोबर नळाच्या रिकाम्या पोकळीचा एक फोटो टॉर्च मारून काढा. जुनं रबर आत चिकटून राहिलेलं किंवा खुंटी मोडून अडकलेली असली तर ती तिथंच दिसते. नवीन बसवल्यावरही पाणी गळण्याचं कारण बरेचदा तेच असतं. सरळ बाजूनं एक फोटो हवा, त्यात वरच्या चौकोनी दांड्याची उंची आणि जाडी कळते. हा दांडा वेगळा निघाला तर तुमची जुनी मूठ त्यावर बसत नाही.

दोन मुठींच्या वॉल मिक्सरचं तंत्र वेगळं. तिथं आतल्या भागाला आपले प्लंबर स्पिंडलच म्हणतात, मग आत रबरी वायसर असो की सिरॅमिकची चकती. मूठ एकाहून जास्त वेढे फिरत असेल तर वायसरवालं, पाव वेढ्यात उघडत असेल तर चकतीचं. चकतीच्या स्पिंडलच्या टोकाला दाते असतात. ते बहुधा 20 किंवा 24 असतात, आणि हलक्या धूसर फोटोत ते मोजणं मला तरी जमत नाही. एका दात्यावर मार्करनं ठिपका द्या आणि तिथून हातानंच मोजून आकडा कळवा. आणि गरम-थंडची स्पिंडल एकच समजू नका. बऱ्याच मिक्सरमध्ये एक उजवीकडे फिरवून बंद होतं, दुसरं डावीकडे. मूठ बंद असताना एक आणि उघडी असताना एक असे दोन फोटो पाठवले की दिशा कळते.

मागवण्याआधी दोष कार्ट्रिजचाच आहे ना, ते बघा. तोटीतून सतत ठिबकत असेल तर बहुधा तोच. धार बारीक झाली असेल तर आधी तोंडाची जाळी काढून धुवा, चुन्यानं भरलेली असते. शॉवर बंद केल्यावर थोडा वेळ गळून थांबत असेल तर ते वरच्या पाइपात आणि शॉवरच्या डोक्यात साठलेलं पाणी आहे, त्यासाठी काहीच मागवायचं नाही. तापमान आकड्यावर लावायचा थर्मोस्टॅटिक मिक्सर असेल तर मात्र माझ्याकडे फोटो पाठवू नका. त्याचं कार्ट्रिज मॉडेल नंबरावरूनच मिळतं.

मास्तरांना 35 चं, तळाला दोन भोकांचं दिलं. रात्री फोन आला: "बसलं, पण डावीकडं फिरवलं की थंड येतंय." कार्ट्रिज अर्धा वेढा फिरून बसलं होतं. पाणी बंद करून काढलं, उलटं फिरवून खुंट्या परत खाचेत बसवल्या, आणि डावीकडं गरम आलं.