तीन नावांतून एक निवडायचंय? मित्रांना मेसेज टाकताना या चुका टाळा

चौघांनी मिळून डब्यांचा व्यवसाय सुरू करायचा ठरवला, भांडून-तंडून तीन नावं उरली आणि आता मित्रमंडळींचा कौल घ्यायचाय, असं समजू. बहुतेक जण काय करतात? ग्रुपवर लिहितात, ‘मंडळी, आपल्या नव्या व्यवसायासाठी नाव सुचवा, आमच्या डोक्यात ही तीन आहेत, मला स्वतःला पहिलं आवडलंय.’ या एका वाक्यात सगळा घोळ आहे. ‘सुचवा’ म्हटलं की संध्याकाळपर्यंत आणखी पंधरा नावं येतात. ‘मला पहिलं आवडलंय’ म्हटलं की जवळचे लोक तुमच्या नावाला मत देतात आणि उरलेले गप्प बसतात.

पण त्याच्याही आधीची चूक जास्त महागात पडते. नावं मोकळी आहेत का, हे न बघताच मतदान घेतलं जातं. ‘शिदोरी’ला भरभरून मतं पडतात आणि मग कळतं, की त्या नावाची खाणावळ गावोगावी आहे. म्हणून मेसेजच्या आधी आयपी इंडिया या ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा शोध घ्यावा. तो फुकट आहे. तिथे नावं माल आणि सेवांच्या वर्गांनुसार नोंदवलेली असतात; जेवण पुरवण्याच्या सेवेसाठी वर्ग ४३ बघायचा. मसाले, मिठाईही विकणार असाल तर वर्ग ३० सुद्धा. शोधताना फक्त स्पेलिंग नाही, उच्चारही जुळतो का ते पाहा, कारण उच्चारातल्या साम्यावरूनही हरकत येते. ‘घरचा डबा’सारखं मालाचं नुसतं वर्णन करणारं नाव यादीत ठेवूच नका. ट्रेडमार्क कायद्याच्या ९व्या कलमाखाली अशा नावाची नोंदणी सहसा अडते. इन्स्टाग्रामवरचं नाव मोकळं असेल तर तिन्ही आधीच घेऊन ठेवा. मोठ्या ग्रुपवर टाकलेली गोष्ट ग्रुपमध्ये राहत नाही.

या चाळणीतून ‘ओसरी’, ‘पाटपाणी’ आणि ‘सारभात’ उरली असं धरू. आता व्हॉट्सॲपचा पोल टाकायचा मोह होतो. त्यात `Allow multiple answers` बंद करायचं राहिलं, तर अर्धे लोक दोन-दोन नावांवर टिचकी मारतात आणि बेरजेला अर्थ उरत नाही. शिवाय साध्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. पहिली चार मतं एकीकडे पडली की पाचवा माणूसही तिकडेच जातो. त्यापेक्षा खासगीत उत्तर मागवा.

एकच पसंती विचारणं ही मला सहजासहजी लक्षात न येणारी चूक वाटते, कारण निकाल तर लागलेला दिसतो. नऊ जणांनी मतं दिली: ओसरी ४, पाटपाणी ३, सारभात २. ओसरी जिंकली? नवातल्या पाच जणांनी तिला पहिली पसंती दिलेलीच नाही. दुसरी पसंतीही विचारली असती, तर शेवटचं सारभात बाद करून त्याची दोन मतं पुढच्या पसंतीकडे वळवता आली असती. दोघांनीही पाटपाणी लिहिलं असेल, तर निकाल ५ विरुद्ध ४ असा उलटतो. यासाठी एकच जादा शब्द मागावा लागतो.

मेसेज असा चालेल:

‘आम्ही चौघे कोथरूडमध्ये घरगुती डब्यांची सेवा सुरू करतोय. नाव या तीनमधूनच घ्यायचंय: ओसरी (osari), पाटपाणी (paatpani), सारभात (saarbhat). पहिली आणि दुसरी पसंती मला खासगीत कळव, रविवारी रात्री ९ पर्यंत. एखादं नाव खटकलं तर का, ते एका ओळीत लिही. अंतिम निर्णय आम्ही चौघे घेणार, पण तुमचा कौल समोर ठेवूनच.’

रोमन स्पेलिंग मुद्दाम दिलंय. ग्राहक नाव त्यातच टाइप करणार, आणि एखादा मित्र लगेच विचारेल, ‘पाटपाणीत ए एक की दोन?’ हा प्रश्न पाटी रंगवण्याआधी आलेला बरा. कोणतं नाव कोणी सुचवलं हे मात्र लिहू नका, नाहीतर मतं नावाला न पडता माणसाला पडतात. शक्य असेल तर निम्म्या लोकांना क्रम उलटा करून पाठवा.

शेवटचं वाक्यही गाळू नका. नुसतं ‘मतदान’ म्हटलंत आणि नंतर भागीदारांनी दुसरंच नाव घेतलं, तर नऊ जण रुसतात, आणि हेच तुमचे पहिले ग्राहक असतात.

उत्तरं कमी आली तर ग्रुपवर ‘अजून कोण राहिलंय?’ असं विचारून फारसं काही होत नाही. ज्यांचं आलं नाही त्यांना शनिवारी एकेकट्याला विचारा. आणि कौल बरोबरीत सुटला, शिवाय भागीदारही दोन-दोन झाले, तर काय, हे मेसेज पाठवण्याआधीच चौघांनी ठरवून ठेवा. चिठ्ठी टाका किंवा स्वयंपाक सांभाळणाऱ्याचा शब्द शेवटचा माना, पण मतं मोजून झाल्यावर नियम करायला बसू नका.