रेंज फुल, तरी वर्गातलं वायफाय बंद? या चुका टाळा

आमच्या सोलापूरच्या कॉलेजातल्या मोठ्या हॉलमध्ये सकाळच्या बॅचला वायफाय झकास चालायचं. दुपारी एकच्या बॅचने ऑनलाइन हजेरीसाठी एकदम फोन जोडले की मात्र बहुतेकांचे फोन जोडलेच जायचे नाहीत. रेंजच्या काड्या पूर्ण, पण जोडणी ‘IP’, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळवण्यापाशीच अडकलेली.

सगळ्यांनी दोष इंटरनेटच्या लाइनला दिला, आणि तीच पहिली चूक. लाइन कमी पडली तर सगळ्यांनाच हळू चालतं. इथे आधी जोडलेल्यांचं व्यवस्थित सुरू होतं, नंतर आलेले बाहेर राहत होते.

दुसरी चूक राउटर बंद-चालू करण्याची. आमच्या राउटरमधली वाटलेल्या पत्त्यांची यादी त्याने पुसली जायची, म्हणून तेवढा दिवस निभायचा आणि खरं कारण झाकलं जायचं.

एका दुपारी भाकरी-शेंगाचटणीचा डबा संपवून मी आणि माझी मैत्रीण मागच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसलो. `ipconfig` दिलं, तर हे दिसलं:

```
Autoconfiguration IPv4 Address: 169.254.23.118
```

“अगं, हा पत्ता राउटरने दिलेलाच नाही!” ती म्हणाली. बरोबर होतं. राउटरकडून पत्ता मिळाला नाही की विंडोज 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेतं.

लॅबच्या सरांना विचारून राउटरची DHCP यादी, म्हणजे कोणाला कोणता पत्ता दिला त्याची नोंद, उघडली. वाटायचे पत्ते 192.168.1.100 ते 192.168.1.249, म्हणजे 150. सगळे दिलेले.

“सर, हॉलमध्ये आत्ता आपण तिघंच आहोत,” मी म्हणाले. “मग हे 150 जण कोण?”

उत्तर शेजारच्या रकान्यात होतं: मुदत 24 तास. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी आणि माणूस उतरून गेला तरी रुमाल तिथेच राहावा, तसं झालं होतं. सकाळचे 140 फोन घरी गेले, त्यांचे पत्ते अडकून राहिले. दुपारच्या 160 फोनांसाठी उरले 10.

सरांनी मुदत 1 तास केली. मास्क, म्हणजे एका नेटवर्कमध्ये किती पत्ते बसतील ते ठरवणारा आकडा, 255.255.252.0 करून वाटप 192.168.2.1 ते 192.168.3.254 केलं, म्हणजे 510 पत्ते. हाताने पत्ता दिलेल्या प्रिंटरचा मास्कही बदलावा लागला. तो विसरला तर नव्या पत्त्यांवरच्या लॅपटॉपवरून प्रिंट अडकू शकते.

तिसरी चूक एका मित्राने त्याआधीच केली होती. फोनमध्ये स्वतःच 192.168.1.120 टाकला. तो पत्ता दुसऱ्याकडे होता, मग दोघांचंही तुटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी 160 जणांची हजेरी लागली. सगळ्यांनी व्हिडिओ उघडले तेव्हा वेग पडला, पण हे दुखणं वेगळं. एका चॅनेलवर साधारणपणे एका वेळी एकच फोन बोलू शकतो, बाकीचे थांबतात. तिथे पत्ते वाढवून उपयोग नाही. वेगळ्या चॅनेलवर दुसरा ॲक्सेस पॉइंट लागतो. तो मागण्याआधी `ipconfig` बघा: 169.254 दिसला तर आधी पत्त्यांची यादी उघडा.