अळंबीचा एकच फोटो आणि "खाता येईल का?" हा प्रश्न

पावसाचे पहिले दोन आठवडे सरले की मला असे फोटो येऊ लागतात: तळहातावर किंवा वर्तमानपत्रावर ठेवलेली एकच पांढरी छत्री, वरून टिपलेली, आणि सोबत एक ओळ, "ही खायची अळंबी आहे ना?" रानातल्या वस्तू ओळखणारे म्हणून ज्यांची थोडी ओळख झाली आहे, अशा प्रत्येकाकडे हा प्रश्न येतो. त्याला उत्तर देण्याची माझी पद्धत चुकांतून ठरत गेली आहे, आणि ती पुढे देत आहे.

फोटो नीट पाहण्याआधीच विचारावे, "ही कोणी खाल्ली आहे का?" उत्तर हो असेल तर ओळख पटवण्यात एक मिनिटही घालवू नये. कधी खाल्ली, आणखी कोणी खाल्ली, एवढे विचारून सगळ्यांना रुग्णालयात पाठवावे. गरज पडल्यास 108 ला फोन करण्यास सांगावे. उरलेली अळंबी कागदाच्या पिशवीत आणि शिजवलेली भाजी डब्यात घालून बरोबर न्यावी. "अजून काही होत नाही" या वाक्यावर विसंबू नये. अमानिटा गटातल्या प्राणघातक जातींचे विष साधारण 6 ते 12 तास, कधी त्याहूनही उशिरापर्यंत, काहीच जाणवू देत नाही. मग जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात, त्यानंतर दिवसभर बरे वाटते, आणि त्याच काळात यकृत निकामी होत असते. बरे वाटले म्हणून घरी परतलेला रुग्ण पुन्हा येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. हे विष शिजवल्याने किंवा वाळवल्याने नष्ट होत नाही.

कोणी खाल्ली नसेल तर पुढचे प्रश्न विचारावेत; पण तोवर नाव सांगू नये, "बहुधा" जोडूनही नाही. मी स्वतः इथेच चुकले होते.

एका परिचित बाईंनी संध्याकाळी फोटो पाठवला. ताटात स्वच्छ पांढरी, तळहाताएवढी टोपी होती आणि मध्यभागी किंचित तपकिरी छटा होती. मी लिहिले, "वारुळावरच्या अळंबीसारखी वाटते." गोव्यात जिला ओळमी आणि विदर्भात सात्या म्हणतात, ती वाळवीच्या घरातून उगवणारी अळंबी माझ्या डोळ्यांसमोर होती. पाच मिनिटांत उत्तर आले, "छान, चिरून ठेवली आहे, रात्री करते." माझ्या लेखी "सारखी वाटते" ही शंका होती आणि त्यांच्या लेखी ती परवानगी होती. मी ताबडतोब फोन करून भाजी थांबवली आणि मग जे आधी विचारायला हवे होते ते विचारले. अळंबी वारुळाजवळची नव्हती, सोसायटीच्या हिरवळीवरची होती, आणि तिथे तशा आणखी सात-आठ गोल ओळीत उगवलेल्या होत्या. बुंधा जमिनीत खोल गेला नव्हता, हात लावताच सगळी छत्री निघाली होती. टोपीवरचे तपकिरी खवले आदल्या रात्रीच्या पावसात धुऊन गेले असावेत, असे मला तेव्हा वाटले.

एक टोपी अजून चिरायची राहिली होती. देठ कापून ती कागदावर पालथी ठेवण्यास सांगितले. सकाळी त्या कागदावर टोपीखालच्या पडद्यांच्या रेषांत करड्या-हिरव्या रंगाची बारीक भुकटी पडलेली होती. ती क्लोरोफायलम मोलिब्डायटिस होती: कोवळी असताना पडदे पांढरेशुभ्र, बीजाणू पिकल्यावर हिरवट, आणि खाल्ल्यास काही तासांत पोट पिळवटून टाकणारी. वारुळावरच्या अळंबीचा ठसा फिकट गुलाबीसर पडतो. हा फरक त्या फोटोत दिसणे शक्यच नव्हते, कारण फोटो काढला तेव्हा पडद्यांवर रंग चढलेलाच नव्हता.

म्हणून पाठवणाऱ्याकडून काय मागावे, याबद्दल मी आता हट्टी झाले आहे. जागेचा फोटो मागावा: ती हिरवळीत, शेणावर, कुजक्या लाकडावर की वारुळावर उगवली, आणि जवळ कोणती झाडे आहेत. टोपीची खालची बाजू दिवसाच्या उजेडात मागावी, कारण घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पांढरा, मलईसारखा आणि फिकट हिरवा हे तिन्ही रंग एकच दिसतात. प्रमाण कळावे म्हणून शेजारी नाणे ठेवण्यास सांगावे. हे सारे लोक आनंदाने करतात.

अडते ते बुंध्यापाशी. लोक अळंबी उपटतात किंवा सुरीने कापतात, आणि नेमका तोच भाग मातीत राहतो ज्यावर जीव-मरणाचा फरक लिहिलेला असतो. अमानिटाच्या अनेक जातींचा बुंधा मातीखालच्या पांढऱ्या पिशवीत बसलेला असतो, आणि देठावर बहुधा कडे असते. त्यामुळे चमच्याने किंवा खुरपीने आजूबाजूची माती चार बोटे खोल उकरून अळंबी अखंड उचलण्यास सांगावे, माती हलक्या हाताने झाडून मगच फोटो मागावा. वारुळावरच्या अळंबीचा देठ खाली मुळासारखा निमुळता होत वाळवीच्या घरापर्यंत जातो. तो अर्ध्यात तुटला असेल तर तसे सांगण्यास सांगावे. "माती साफ करून ठेवली" असे उत्तर आले तर माझ्यापुरते ओळखणे तिथेच संपते. परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे: भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या अळंबीलाही बुंध्याशी पिशवी असते, आणि तिच्याशी साम्य वाटल्याने अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात आशियातून गेलेल्या लोकांनी डेथ कॅप, म्हणजे अमानिटा फॅलॉइडिस, खाल्ल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

ठशासाठी कागद अर्धा पांढरा आणि अर्धा काळा घ्यावा, नाहीतर पांढरे बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसणारच नाहीत. टोपीवर वाटी पालथी घालून रात्रभर ठेवावी. हात लावल्याने विष बाधत नाही. नंतर हात धुवावेत आणि मुलांपासून ती लांब ठेवावी.

चांदीचा चमचा, लसूण किंवा हळद काळी पडते का हे पाहू नये, आणि किड्यांनी कुरतडली म्हणजे खाण्याजोगी असेही मानू नये. गोगलगायी प्राणघातक अमानिटाही खातात.

हे सारे मिळाले तरी मी "खा" असे लिहीत नाही. एका टोपलीत दोन जाती मिसळलेल्या असतात, आणि फोटोतली एक तपासली म्हणून उरलेल्या तपासल्या जात नाहीत. आदिवासी पाड्यावरची बाई त्याच वारुळावरून दरवर्षी त्याच आठवड्यात अळंबी काढते, तेव्हा तिच्या हाताला वास, वजन आणि जागा यांची ओळख असते, आणि ती फोनच्या पडद्यावरून माझ्यापर्यंत येत नाही. म्हणून माझे उत्तर ठरलेले आहे आणि ते शब्दशः पाठवते: "नाव ठरले तर कळवीन, पण हा फोटो पाहून खाण्याबद्दल मी काहीही सांगणार नाही. ही खाऊ नका, आणि घरात कोणी आधीच चाखली असेल तर आत्ताच सांगा."